मालक ३०० म्हणतात, नोंदणी किती जणांची घ्यावी?

"आमच्या पालक मंडळाची एक दिवसाची कार्यशाळा आहे. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय ठरवलंय, हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. हॉल ६० बाय ३६ फूट, त्यातच एका टोकाला १२ फूट खोलीचं स्टेज. समोरच्या टोकाला चार फुटी मोठा दरवाजा आणि साडेचार फुटी जिना. स्टेजशेजारी तीन फुटी दरवाजा आहे, तिथून सव्वातीन फुटी मागचा जिना उतरतो, पण तो दरवाजा बहुधा कुलूपबंदच असतो. जेवण खाली. मालक म्हणतात ३०० खुर्च्या आरामात बसतात. सोमवारी नोंदणी फॉर्म उघडायचाय. २५० ठेवू का?"

२५० ठेवू नका. मागचा जिना त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खरोखर उघडा राहणार असेल तर १३० ठेवा. तो उघडण्याची खात्री नसेल तर ९०. हे आकडे तुम्हाला फार कमी वाटतील, म्हणून ते कसे आले ते सगळं मांडते. मी २२ वर्षं व्याख्यानमाला, शिबिरं आणि मेळाव्यांची बैठकव्यवस्था पाहते आहे आणि या कामात सगळ्यात जास्त चुका याच एका जागी होताना पाहिल्या आहेत: लोक हॉलमध्ये किती खुर्च्या मावतात ते मोजतात, आणि त्यालाच क्षमता समजतात.

मालक खोटं बोलत नाहीत, हे आधी सांगते. त्यांच्या हॉलमध्ये ३०० खुर्च्या लागतात, त्यांनी त्या अनेकदा लावल्याही असतील. पण त्या लग्नासाठी. लग्नात खुर्चीला खुर्ची चिकटवून, दोन ओळींत अडीच फूट ठेवून, मधली वाट न सोडता सलग १९-२० खुर्च्यांच्या ओळी लावतात आणि चालून जातं. कारण मंगलाष्टकं पंधरा-वीस मिनिटांची, अक्षता पडल्या की निम्मी माणसं जेवणाच्या पंगतीला, उरलेली आहेर द्यायला उभी. एका जागी सलग दोन तास कुणी बसतच नाही. तुमच्याकडे लोक सकाळी दहाला बसतील ते चहा-जेवणाची सुट्टी सोडली तर पाचपर्यंत बसतील, वही मांडीवर घेऊन लिहितील, आणि सुट्टी झाली की सगळे एकाच मिनिटाला उठतील. हॉल तोच असला तरी वापर वेगळा, म्हणून आकडाही वेगळा.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये खुर्च्या मांडलेल्या सभागृहासाठी माणशी ०.६ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेसहा चौरस फूट, असा हिशेब दिला आहे. तुमच्या हॉलमधून स्टेज वजा केलं तर ४८ बाय ३६ म्हणजे १,७२८ चौरस फूट उरतात, म्हणजे जवळजवळ १६० चौरस मीटर. भागिले ०.६ केलं की २६७ येतात. हा आकडा पाहून पुष्कळ आयोजक निश्चिंत होतात आणि तुमचे २५० त्यात बसतातही. पण तो आकडा बैठकीसाठी दिलेला नाही. इतकी माणसं आत असू शकतात असं धरून दरवाजे आणि जिने किती रुंद हवेत ते काढण्यासाठी तो आहे. म्हणजे तिथे हिशेब संपत नाही, सुरू होतो. २६७ माणसं आत धरली, तर ती बाहेर कुठून जाणार?

म्हणून मी नेहमी बाहेरून आत मोजत येते. आधी जिना, मग दरवाजा, मग वाटा, आणि सगळ्यात शेवटी खुर्च्या.

जिन्यासाठी कोड माणशी १० मिलिमीटर रुंदी धरतो, आणि सपाट वाटेसाठी, म्हणजे दरवाजा आणि पॅसेजसाठी, माणशी ६.५ मिलिमीटर. जिन्याला जास्त, कारण उतरताना माणूस पायाखाली बघतो आणि वेग कमी होतो. आता तुमचा पुढचा जिना. साडेचार फूट हे भिंतीपासून कठड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप असणार, कारण सगळे तसंच सांगतात. त्यातून कठडा आणि भिंतीकडचा पाइप किंवा लोखंडी बार गेला की माणसाच्या वाट्याला चार फूट उरतात. टेप घेऊन स्वतः जा आणि जिथे जिना सगळ्यात अरुंद आहे तिथे मोजा. बहुतेक वेळा ती जागा वळणावरचा चौक असते. चार फूट म्हणजे १,२२० मिलिमीटर, म्हणजे १२२ माणसं. मागचा जिना असाच मोजून तीन फूट धरते, ९१५ मिलिमीटर, म्हणजे ९१ माणसं. दोन्ही मिळून २१३. दरवाज्यांची रुंदी पाहिली तर मोठ्यातून १८७ आणि लहानातून १४० असे ३२७ निघतात, म्हणजे दरवाजे तुम्हाला अडवत नाहीत. अडवतो तो जिना. दोन्ही जिने उघडे असले तरी २६७ माणसं तिथून उतरू शकत नाहीत, आणि मागचा बंद असेल तर १२२ च्या वर एकही माणूस या हॉलमध्ये असता कामा नये. त्यात तुम्ही, वक्ते, माइकवाला, चहावाला सगळे आले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हाच कोड प्रेक्षागृहं आणि नाट्यगृहांच्या जिन्यासाठी किमान २ मीटर रुंदी सांगतो. तालुक्याच्या गावातल्या जुन्या कार्यालयांत तसा जिना क्वचितच सापडतो. त्यामुळे आपण भागाकार करून आणलेला आकडा हा सुरक्षिततेचा वरचा काठ समजायचा, तिथपर्यंत भरायचं नाही. पुढचा जिनाच धुराने भरला तर सगळ्यांना मागच्या एका जिन्यावर जावं लागेल, आणि त्याची रुंदी ९१ माणसांची आहे. म्हणूनच २१३ चालतात असं दिसत असूनही मी तुम्हाला एकूण माणसं १६०-१६५ च्या पुढे नेऊ देणार नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला वीसहून जास्त माणसं गेली. तिथे आग लागली नव्हती. जोराचा पाऊस होता, माणसं पुलावर थांबून राहिली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली आणि अरुंद जिन्यावर माणूस माणसावर दाबला गेला. जिन्यावर गर्दी अडकायला धूर किंवा आरडाओरडा लागतोच असं नाही, हे मला त्या घटनेने कायमचं शिकवलं. तुमची कार्यशाळा पावसाळ्यात असेल तर जेवणाच्या सुट्टीत नेमकं हेच होऊ शकतं: खाली पाऊस पडतोय, पहिली माणसं जिन्याच्या तळाशी दारात थांबतात आणि वरून बाकीची उतरत राहतात. खाली उतरल्यावर निदान पंधरा-वीस माणसं उभी राहतील एवढी झाकलेली जागा आहे का, ते बघून या.

दरवाजा तुम्हाला अडवत नाही असं मी म्हटलं, पण तो पूर्ण उघडत असेल तरच. चार फुटी दरवाजा दोन पाखांचा असतो आणि त्यातलं एक पाखं वरखाली कडी लावून बंद ठेवलेलं असतं. मग वाट उरते दोन फूट, आणि १८७ चे होतात ९३. जाल तेव्हा दुसऱ्या पाख्याची कडी स्वतःच्या हाताने उघडून बघा. मी गंजून बसलेल्या कड्या इतक्या पाहिल्या आहेत की पिशवीत तेलाची बाटली घेऊनच फिरते. दरवाजा आत उघडणारा असेल तर कार्यक्रमभर दोन्ही पाखी उघडी ठेवून हूकने भिंतीला अडकवा, कारण माणसांचा रेटा आला की आत उघडणारा दरवाजा ओढता येत नाही.

आणि चपला. आपल्याकडे सतरंजी दिसली की लोक दारात चपला काढतात. दीडशे माणसांच्या तीनशे चपला जिन्याच्या वरच्या चौकात पसरल्या की तुमचा चार फुटी जिना दीड फुटी होतो. एका गावात संध्याकाळच्या व्याख्यानात वीज गेली तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. काही झालं नव्हतं, फक्त अंधार. पण दीडशे-पावणेदोनशे माणसं एकाच दाराकडे आली. दारात आम्हीच मांडलेलं नोंदणीचं टेबल होतं, त्यापलीकडे चपलांचा ढीग. एक वयस्कर बाई चपलांत पाय अडकून पडल्या, मनगट मोडलं. त्यांच्या अंगावर आणखी कुणी पडलं नाही ते केवळ एका कॉलेजच्या मुलाने दोन्ही हात पसरून मागचे लोक थोपवले म्हणून. त्यानंतर मी नोंदणीचं टेबल कधीही दाराच्या वाटेत मांडलं नाही. तुमचं टेबल खाली तळमजल्यावर मांडा. चपला आतच घालून बसायला सांगा किंवा खालीच काढायची सोय करा. पहिल्या मजल्याच्या चौकात काहीही नको: कुंड्या नकोत, स्वागताची रांगोळी नको, फ्लेक्सचा स्टँड नको.

आता हॉलच्या आत येऊ. तुमच्याकडे स्टेज सोडून लांबी ४८ फूट आहे. स्टेजसमोर सहा फूट मोकळे सोडा. पहिल्या ओळीतल्या माणसाला मान वर करून बसावं लागू नये आणि स्टेजशेजारच्या दरवाज्याकडे जायला आडवी वाट मिळावी, अशी दोन्ही कामं त्यात होतात. मागे मोठ्या दरवाज्यापाशी नऊ फूट सोडा. मधे ३३ फूट उरतात. एका ओळीच्या पाठीपासून पुढच्या ओळीच्या पाठीपर्यंत तीन फूट धरले की ११ ओळी होतात.

हे तीन फूट ताणून घेतलेले नाहीत. खुर्चीची खोली २० इंच किंवा थोडी जास्त असते, म्हणजे पुढच्या खुर्चीची पाठ आणि आपल्या खुर्चीची कड यांत १५ इंच मोकळे राहतात. तेवढ्यात बसलेला माणूस गुडघे जरा वळवून दुसऱ्याला जाऊ देऊ शकतो. लग्नाच्या पद्धतीने अडीच फूट ठेवले तर नऊच इंच उरतात. मग जाणाऱ्यासाठी सगळी ओळ उभी राहते, नाहीतर जाणारा खुर्च्या ढकलत जातो. हे कागदावर पटत नसेल तर कार्यालयात सहा खुर्च्या मागून घ्या, दोन ओळींत तीन-तीन लावा, तीन अंगाने भरलेल्या माणसांना मागच्या ओळीत बसवा आणि एकाला त्यांच्यासमोरून जायला सांगा. दोन मिनिटांत कळतं.

रुंदी ३६ फूट. दोन्ही भिंतींकडे साडेतीन-साडेतीन फुटांच्या वाटा आणि मधोमध पाच फुटांची वाट, म्हणजे बारा फूट गेले. उरलेले २४ फूट दोन भागांत, प्रत्येकी १२. बिनहाताची प्लॅस्टिकची खुर्ची १८ इंचांच्या आसपास असते, पण खांद्याला खांदा घासून दिवसभर बसता येत नाही, म्हणून मी माणशी २० इंच धरते. १२ फुटांत अशा सात बसतात आणि चार इंच शिल्लक राहतात. हाताच्या खुर्च्या असतील तर माणशी २४ इंच लागतात आणि सातच्या सहा होतात, म्हणून कोणत्या खुर्च्या मिळणार ते आधी विचारा. ११ ओळींत ही एक खुर्ची कमी झाली तर दोन्ही बाजू मिळून २२ जागा जातात.

तर, एका ओळीत सात आणि सात, ११ ओळी, एकूण १५४ खुर्च्या. मधली पाच फुटांची वाट पाहून तुमच्या मंडळात कुणीतरी नक्की म्हणेल की ही कशाला, ती भरली तर ओळीत तीन खुर्च्या वाढतील, एकूण ३३. त्यांना एवढंच सांगा: आत्ताच्या मांडणीत ओळीच्या अगदी मधल्या माणसालाही वाटेवर यायला तिघांसमोरून जावं लागतं. मधली वाट भरली की तेच आठ जण होतात. शिवाय ती वाट सरळ मोठ्या दरवाज्यात जाते, प्रश्नोत्तरांचा माइक तिथूनच फिरतो आणि कुणाला चक्कर आली तर उचलून न्यायला दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात ती तीच वाट.

वाटेत खुर्च्या वाढवल्या की काय होतं याची सगळ्यात वेदनादायक नोंद आपल्या देशात दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आहे. १३ जून १९९७ ला तिथे खालच्या ट्रान्सफॉर्मरची आग लागली आणि धूर वर बाल्कनीत गेला. ५९ माणसं गेली. बाल्कनीत उजव्या बाजूची वाट बंद करून तिथे जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या, आणि त्या बाजूचा बाहेर जाण्याचा रस्ता आठ खुर्च्यांच्या एका बॉक्समुळे अडलेला होता. आठ खुर्च्या. कार्यक्रमाच्या दिवशी "आणखी आठच लावू" असं कुणी म्हणालं की मला तो आकडा आठवतो, आणि मी नाही म्हणते.

१५४ खुर्च्या म्हणजे १५४ नोंदण्या नव्हेत. साउंडवाल्याचं टेबल शेवटच्या ओळीत चार खुर्च्यांची जागा खातं, उरल्या १५०. वक्ते आणि पाहुणे मिळून आठ. स्वयंसेवक बारा धरले तर निम्मे कायम उभे किंवा खाली असतात, पण सहा जागा त्यांना लागतात. १३६ उरल्या. सहा खुर्च्या मोडक्या निघतात, खांबाआड जातात, नाहीतर पंख्याखाली बसता न येणाऱ्या कुणाला हलवायला लागतात. १३०.

आता हेच माणसांत मोजा, कारण जिना खुर्च्या ओळखत नाही. नोंदणीचे १३०, पाहुणे आठ, स्वयंसेवक बारा, साउंडचे दोन, म्हणजे १५२. आणि तुमची कार्यशाळा पालकांची आहे, तेव्हा मुलं येणार. मांडीवरच्या बाळाला खुर्ची लागत नाही, पण जिन्यावरून उतरताना बाळ घेतलेली आई एका माणसापेक्षा जास्त जागा आणि जास्त वेळ घेते. दहा मुलं धरा, १६२. मी वर १६०-१६५ म्हटलं होतं ते हेच.

मागचा जिना बंद असेल तर १२२ मधून पाहुणे, स्वयंसेवक, साउंड असे २२ काढा, १०० उरतात. त्यातून दहा मुलांचे काढा, ९०. खरं सांगायचं तर बाहेर पडायचा एकच रस्ता असलेल्या पहिल्या मजल्यावर ९० माणसं दिवसभर बसवतानाही माझ्या जिवाला स्वस्थता नसते. तळमजल्यावरची शाळा मिळत असेल तर मी ती घेईन.

सुरक्षित आकडा इथे संपतो. सोयीचा आकडा याहूनही खाली येऊ शकतो, आणि तो खाली आणतं ते बहुतेक वेळा स्वच्छतागृह. तुमच्या कार्यशाळेत निम्म्याहून जास्त आया असणार. १३० तल्या ८० बायका धरू. कार्यालयात बायकांसाठी चालू स्थितीतली, आतून कडी लागणारी आणि पाणी असलेली किती स्वच्छतागृहं आहेत ते मोजा. समजा तीन आहेत. एकीला सरासरी दोन मिनिटं धरली तर वीस मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत तीसजणी होतात. उरलेल्या पन्नासजणी एकतर रांगेत उभ्या राहून पुढचं सत्र बुडवतात, नाहीतर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे दुसरं फार होतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. दुपारी तीनला डोकं दुखतंय म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यातल्या अनेकींनी फक्त पाणी प्यायलेलं नसतं.

यावर आकडा कमी करणं हा एक उपाय. दुसरा, सुट्टी डाव्या आणि उजव्या भागाला अर्ध्या तासाच्या अंतराने द्यायची. तुमच्या मांडणीत हॉलचे दोन भाग आहेतच, आणि त्याने जिन्यावरची गर्दीही अर्धी होते. मग एका वेळी चाळीसजणी येतात आणि वीसऐवजी अर्ध्या तासाची सुट्टी दिली तर सगळ्यांना पुरते. तिसरा, कार्यालयात वधूपक्षासाठी आणि वरपक्षासाठी ज्या खोल्या असतात त्यांना आत स्वच्छतागृह असतं. त्यांच्या किल्ल्या भाडं ठरवतानाच मागून घ्या. त्या दोन मिळाल्या की तीनची पाच होतात आणि वीस मिनिटांत पन्नासजणी होतात.

बैठकीचा प्रकार बदललात तर मात्र हा सगळा हिशेब मोडतो. दुपारी सहा-सहा जणांचे गट गोल करून बसवायचे असतील तर दोन गटांमधली जागा धरून माणशी वीस चौरस फूट लागतात, आणि मग याच हॉलमध्ये ८० च्या आसपास माणसं मावतात. दिवसातल्या ज्या सत्राला सगळ्यात जास्त जागा लागते त्याचा आकडा पूर्ण दिवसासाठी धरायचा असतो, तेव्हा वक्त्यांना आजच फोन करून विचारा.

आता नोंदणी. सोमवारी ९० जागांचाच फॉर्म उघडा. त्याआधी किंवा त्याच आठवड्यात मालकांबरोबर कार्यालयात जा आणि स्टेजशेजारचा दरवाजा तुमच्यासमोर उघडून घ्या. नुसता दरवाजा नव्हे, त्या जिन्याने रस्त्यापर्यंत उतरून जा. मागच्या जिन्यावर बहुतेक ठिकाणी गाद्या, मांडवाचे बांबू किंवा तुटक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात आणि खालचं शटर वेगळ्या कुलपाने बंद असतं. जिना मोकळा करून देऊ, शटर उघडं ठेवू, दिवसभर एक माणूस किल्ली घेऊन तिथे बसेल, हे भाड्याच्या पावतीवर लिहून घ्या. लिहून मिळालं की उरलेल्या ४० जागा सोडा. आधी १३० घेऊन मग ४० जणांना नको म्हणण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोपं जातं. त्याच भेटीत फॉर्म बी दाखवायला सांगा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला द्यायचा असतो.

फॉर्ममध्ये एक नोंदणी म्हणजे एक माणूस असं ठेवा. "कुटुंबाचं नाव" विचारलंत तर ९० ओळींमागे दीडशे माणसं निघतील. बरोबर मूल आणणार का, किती वर्षांचं, हा वेगळा प्रश्न हवा, आणि दहा मुलं झाली की ते बंद करा किंवा खाली मुलांसाठी वेगळी खोली ठेवा. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याला अमुक पायऱ्या आहेत, हे पहिल्याच ओळीत लिहा. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजी वर येतील, पण घाईने खाली उतरवायची वेळ आली तर त्यांच्यामागे पूर्ण जिना थांबेल. त्यांना मोठ्या दरवाज्याजवळच्या दोन ओळी राखून ठेवा आणि त्यांच्यासाठी दोन स्वयंसेवक नेमा.

नोंदवलेले सगळे येत नाहीत, मग वीस जास्त घेऊ का, हा प्रश्न तुमच्याकडेही येईल. कार्यशाळा मोफत असेल तर गळती होते, हे खरं. पण १३० वर १५० घेतले आणि त्या दिवशी १५० आले, तर शेवटच्या वीसजणांना कुठे बसवणार? मधल्या वाटेत. म्हणून मी जास्तीच्या नोंदण्या घेत नाही, प्रतीक्षायादी ठेवते. तीन दिवस आधी प्रत्येकाला येणार ना असा फोन करायचा. नाही म्हणाले की यादीतल्या पुढच्याला बोलवायचं. शंभर रुपये शुल्क ठेवून ते जेवणात वळतं केलंत तर गळती आपोआप कमी होते.

आदल्या संध्याकाळी खुर्च्या लावून झाल्या की दोन गोष्टी करा. वाटांच्या कडा जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखून घ्या, आणि प्रत्येक ओळीतल्या सात खुर्च्यांच्या पायांना सुतळी किंवा प्लॅस्टिकची टाय बांधून त्या एकमेकींना जोडा. सुट्या खुर्च्या चहानंतर हमखास सरकतात. मैत्रिणीशेजारी बसायला, पंख्याखाली यायला, फळा नीट दिसायला लोक खुर्ची ओढून वाटेत घेतात आणि दुपारपर्यंत पाच फुटांची वाट तीन फुटांची होते. पट्टी दिसत असली की स्वयंसेवकाला वाद घालावा लागत नाही, पट्टीकडे बोट दाखवलं की पुरतं. न लावलेल्या खुर्च्या हॉलमध्ये ठेवू नका, खाली पाठवा. कोपऱ्यात चळत दिसली की कुणीतरी ती उचलून वाटेत मांडतंच.

त्या दिवशी वरच्या दारात एकाला माणसं मोजायला बसवा, मुलांसकट. जेवणाच्या सुट्टीत घड्याळ लावून बघा: पहिला माणूस उठल्यापासून शेवटचा माणूस जिन्याखाली पोचेपर्यंत किती वेळ लागला. दोन्ही जिने वापरात असतील आणि लोक रमतगमत न जाता सरळ उतरले तर दीडशे माणसं तीन मिनिटांच्या आत खाली जायला हवीत. पाच मिनिटं लागली तर कुठेतरी वाट अडली आहे. बहुतेक वेळा सगळेजण सवयीने पुढच्याच जिन्याकडे गेलेले असतात, कारण मागचा आहे हे त्यांना माहीतच नसतं. म्हणून सकाळी स्वागत करतानाच स्टेजवरून दोन्ही दरवाजे हाताने दाखवा, आणि जेवायला जाताना पुढच्या पाच ओळींना मुद्दाम मागच्या जिन्याने पाठवा. एकदा पायाखालून गेलेली वाट माणूस अंधारातही शोधतो.